रंध्याखाली गेलेलं लाकूड

घरात नवं सागवानी टेबल आलं की हिशेबी माणूस टेप काढतो. फळीची लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत मोजायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं, की घनफूट मिळतात. वखारीत लाकूड याच मापानं विकलं जातं. मग त्याला भावानं गुणलं की शंका येते, "मिस्त्रींनी एवढे जास्त कसे लावले?" ग्राहकाचं गणित बरोबर असतं. फक्त त्यानं तयार टेबल मोजलेलं असतं आणि मिस्त्रींनी विकत घेतलेलं लाकूड त्याला कधी दिसलेलंच नसतं.

अनेक सुतार आता व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर कामाचे फोटो टाकतात. चकचकीत तयार वस्तूचा फोटो सगळेच टाकतात. दर पटवून देतो तो त्याआधीचा, रंधा फिरण्यापूर्वीचा फोटो.

पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद टेबल घेऊ. वरचा पृष्ठभाग एक इंच जाड, अडीच फुटांचे तीन बाय तीन इंचांचे चार पाय आणि खाली चार इंच रुंद, एक इंच जाड पट्ट्यांची चौकट. तयार टेबल मोजलं तर साधारण सव्वादोन घनफूट भरतं. पण एक इंचाची सरळ, गुळगुळीत फळी हवी तर सुरुवात सव्वा इंचापासून करावी लागते, कारण करवतीचे व्रण आणि वाक काढताना जाडी कमी होते. पायांसाठी साडेतीन इंचांचे तुकडे लागतात, टोकाच्या भेगा कापून टाकायला लांबी जास्त धरावी लागते. एवढं धरलं की आकडा सव्वातीनवर जातो, गाठी आणि पांढरा भाग वगळला की साडेतीनवर. सोयीसाठी घनफुटाचा भाव ३,५०० रुपये धरला, तर ग्राहकाच्या हिशेबानं लाकूड ७,८७५ रुपयांचं आणि मिस्त्रींच्या बिलात १२,२५० रुपयांचं. मधले ४,३७५ रुपये भुशात आणि छिलक्यांत गेलेले असतात. टेप लावलेल्या कच्च्या फळ्यांचा एक फोटो आणि त्याखाली ही चार ओळींची बेरीज असली, तर वाद सुरूच होत नाही.

याच फोटोत लाकडाची जातकुळीही कळते. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो, बाहेरचा थर फिकट पांढरट. या पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते. पॉलिशमध्ये रंग मिसळला की दोन्ही सारखे दिसतात, म्हणून पॉलिशनंतरचा फोटो याबाबत काहीच सांगत नाही. पॉलिशपूर्वीचा, उजेडात काढलेला फोटो ही लपवाछपवी होऊ देत नाही.

दुसरा मोलाचा फोटो टेबलाच्या पोटाचा. लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं, त्यामुळे ते आडव्या दिशेनं फुगतं, आकसतं. लांबीत फरक नगण्य असतो. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर तीन फूट रुंदीत फळ्यांच्या कापानुसार पाव इंचापर्यंत फरक पडू शकतो. पृष्ठभाग चौकटीला स्क्रूनं घट्ट आवळला तर उन्हाळ्यात फळी मध्येच तडकते. जाणता सुतार स्क्रूसाठी लांबट भोकं ठेवतो, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. या कामात वेळ जातो, मजुरी वाढते आणि टेबल उभं राहिल्यावर ते कुणाला दिसत नाही. पाय आणि पट्टीच्या सांध्याचंही तसंच. पट्टीच्या टोकाचा कुसू पायातल्या खाचेत किती खोल गेला आहे, हे जोडण्याआधीच टिपता येतं. नुसत्या खिळ्यांवर उभं असलेलं टेबल बाहेरून तसंच दिसतं आणि स्वस्तही पडतं.

फोटो उसना किंवा जुना असू शकतो, ही या पद्धतीची मर्यादा. त्यावर साधा उपाय आहे. फळ्यांवर खडूनं काम-क्रमांक आणि तारीख लिहून फोटो काढायचा आणि ग्राहकानं त्यातल्या रेषा, गाठी तयार टेबलाशी ताडून पाहायच्या. लाकडाच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात, दोन फळ्यांच्या जुळत नाहीत. ओलावा मात्र फोटोत दिसत नाही. त्यासाठी ओलावा मोजायचं यंत्र फळीला लावून आकडा टिपावा लागतो. भावाच्या पोस्टवर तारीख आणि गाव हवंच, नाहीतर गेल्या वर्षीचा भाव दाखवून पुढचा ग्राहक अडून बसतो. आणि ग्राहकाच्या घरातला फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नये.

काम देताना आपणही आधीच सांगून ठेवावं, "मिस्त्री, तीन फोटो हवेत. कच्च्या फळ्या टेपसकट, जोडण्याआधीचे सांधे आणि पॉलिशपूर्वीचं पोट." जो सुतार हे आनंदानं पाठवतो, त्याच्या दरात घासाघीस करण्याआधी त्याची बेरीज एकदा वाचावी.