दिनदर्शिकेवरचे खाडे

ती आली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. साडेतेरा वर्षांची, आठवीतली मुलगी. सकाळपासून लघवीला झालं नव्हतं आणि ओटीपोट टम्म फुगलं होतं. आई बोलत होती, आजी कोपऱ्यात गप्प बसली होती. आजी गप्प का होती ते थोड्या वेळाने कळलं. पोरीचं पोट पाहून तिच्या मनात भलतीच शंका आली होती, आणि त्या शंकेपायी मुलीला घरी दोन दिवस बरंच काही ऐकून घ्यावं लागलं होतं.

आम्ही आधी नळी घालून लघवी काढली. पाऊण लिटरच्या आसपास निघाली आणि मुलीला हुशारी आली. पण पोट पुन्हा चाचपलं तर बेंबीच्या खाली मधोमध एक घट्ट गोळा तसाच हाताला लागत होता. लघवी काढल्यावरही गोळा उरतो, म्हणजे तो मूत्राशयाचा नाही.

आईने आधीची कागदपत्रं पुढे केली. चार महिन्यांत तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. जंताचं औषध झालं, पोट साफ होण्याचं झालं, लघवीची तपासणी झाली आणि ती स्वच्छ निघाली. एकदा अपेंडिक्सचा संशय आला, पण दोन दिवसांत दुखणं आपोआप थांबल्यामुळे तो विषय तिथेच राहिला. प्रत्येक वेळी ती शाळेत जायला लागे आणि घरचे निर्धास्त होत.

"नेमकं कधी कधी दुखलं, तारखा आठवतात?" मी विचारलं. आईने फोनवरून नवऱ्याला स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेचे फोटो पाठवायला सांगितले. त्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे लिहिलेले होते, गॅस आल्याची तारीख होती, आणि मुलगी शाळेत गेली नाही त्या चौकोनात बारीक अक्षरात ‘पोट’. 11 जून, 9 जुलै, 7 ऑगस्ट, 5 सप्टेंबर. त्या दिवशी होती 4 ऑक्टोबर. मधलं अंतर 28 दिवस, मग 29, पुन्हा 29, पुन्हा 29. जून महिन्यात दोन दिवस दुखलं होतं, सप्टेंबरमध्ये पाच.

"पाळी?"

"अजून नाही आली, मॅडम. म्हणून तर तो विचारच केला नाही."

पाळी येत होती. बाहेर येत नव्हती, एवढंच.

योनिमार्गाच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो, त्याला योनिपटल म्हणतात. मूल आईच्या पोटात असताना हा पडदा बंद असतो आणि एरवी जन्माच्या आधीच त्याला वाट पडते. साधारण दोन हजारांत एखाद्या मुलीच्या बाबतीत ती वाट पडायची राहून जाते. काही नोंदींत हे प्रमाण याहून कमी-जास्त दिसतं. गर्भपिशवी, बीजांडं, संप्रेरकं सगळी जागच्या जागी आणि व्यवस्थित असतात. म्हणूनच छाती वाढते, काखेत केस येतात, उंची वाढते, आणि ठरल्या वयात गर्भपिशवीतून रक्तस्रावही सुरू होतो. पण तो दर महिन्याला बंद दाराच्या आत साचत राहतो.

योनिमार्ग चांगला ताणला जाणारा असतो. एका पाळीत साधारण 30 ते 80 मिलिलिटर रक्त जातं, तेवढ्याने सुरुवातीला काही जाणवतही नाही. त्यामुळे साचायला लागल्यावर काही महिने मुलगी तक्रारच करत नाही. मग ताण वाढतो आणि पाळीच्या दिवसांत ओटीपोटात कळा येतात, कंबर भरून येते. दोन पाळ्यांच्या मध्ये बरं वाटतं. फुगलेला योनिमार्ग पुढे लघवीची वाट दाबतो आणि मागे शौचाची, म्हणून बद्धकोष्ठही होतं. तसंच चालू राहिलं तर गर्भपिशवी फुगते, रक्त नळ्यांतून उलटं पोटात उतरतं. उशीर करू नये तो यासाठी.

निदानाला फार काही लागत नाही. मुलीला काय पाहणार आणि का, ते आधी समजावून सांगितलं, तिची परवानगी घेतली आणि आईला उशाशी उभं केलं. बोट घालायचं नाही, उपकरण नाही, फक्त पाहायचं. "जरा खोकून दाखव गं," म्हटलं. लघवीच्या जागेच्या खाली निळसर, तुकतुकीत फुगवटा पुढे आला. आतलं जुनं रक्त पातळ पडद्यातून निळं दिसतं. आधीच्या तीन ठिकाणी हे कुणी पाहिलं नव्हतं. लहान मुलीला तिथे कसं तपासायचं, या संकोचात चार महिने गेले. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत रक्ताने भरलेला लांबट योनिमार्ग दिसला आणि त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली छोटी गर्भपिशवी.

हा निळा फुगवटा दिसला नाही तर मात्र थांबावं लागतं. कधीकधी अडथळा योनिमार्गात वर असतो, जाड आडव्या पडद्याचा. कधी योनिमार्गच पूर्ण तयार झालेला नसतो. तेव्हा एमआरआय करून नीट नकाशा हातात घेतल्याशिवाय सुरी लावू नये. घाईने कापलेली जाड जागा पुन्हा आक्रसते.

सुईने रक्त ओढून काढू का, असं काही ठिकाणी सुचवलं जातं. ते करू नये. रक्त घट्ट असतं, सुईने पुरतं निघत नाही. भोक बुजतं, आणि साचलेल्या रक्तात जंतू गेले की पू होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देऊन शस्त्रक्रिया केली. वीसेक मिनिटांचं काम. लघवीची नळी आधीच घातलेली होती, त्यामुळे मूत्रमार्ग नेमका कुठे आहे ते सुरीला कळतं. पडद्यावर फुलीसारखा छेद घेतला, जास्तीचा पडदा काढला आणि कडा पुन्हा चिकटू नयेत म्हणून त्या विरघळणाऱ्या बारीक टाक्यांनी शिवून घेतल्या. काकवीसारखं दाट, काळपट रक्त आपसूक बाहेर आलं, अर्ध्या लिटरच्या वर. पोट दाबून ते काढायचं नसतं, दाबलं तर नळ्यांतून उलटं वर जाऊ शकतं. उरलेलं पुढचे काही दिवस तपकिरी स्रावासारखं जात राहतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ते घाबरतात.

आईने बाहेर व्हरांड्यात खालच्या आवाजात विचारलं, "पुढे लग्नाच्या वेळी काही अडचण?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो आणि मला दर वेळी वाईट वाटतं. मुलगी दुखण्याने कळवळत असते आणि काळजी पडद्याची असते. पडद्यावरून मुलीच्या चारित्र्याबद्दल काहीही सांगता येत नाही. कौमार्य चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. आपण फक्त रक्ताला वाट करून दिली. वेळेवर झालं तर पुढे पाळी, संसार, मुलंबाळं यांत सहसा अडचण येत नाही. एवढं मी आईला सांगितलं, आणि आजीला बोलावून तेच पुन्हा सांगितलं. आजी नातीजवळ जाऊन बसली आणि बराच वेळ तिचे पाय चेपत राहिली.

छाती वाढू लागल्यावर दोन-तीन वर्षांत पाळी येते. तीन वर्षं उलटली किंवा पंधरावं वर्ष पूर्ण झालं तरी आली नाही तर दाखवावं. पण दर महिन्याला ठरावीक अंतराने पोट दुखत असेल तर पंधराव्या वर्षाची वाट पाहण्यात अर्थ नाही. खरं तर हे बाळंतपणाच्या खोलीतच सापडू शकतं. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात मुलीच्या योनिमार्गात पांढरट स्राव साचतो आणि पडदा बंद असेल तर तो फुगून दिसतो. बाळाला पुसून घेताना पाय बाजूला करून एकदा पाहिलं की झालं.

सहा आठवड्यांनी दोघी परत आल्या. 3 नोव्हेंबरला पाळी आली होती, पाच दिवस, दुखणं बेताचं. जखम भरली होती, वाट मोकळी होती. सोबत नऊ वर्षांची धाकटी बहीण होती. क्वचित बहिणींमध्येही हे आढळतं, असं मी मागे बोलले होते, ते आईने लक्षात ठेवलं होतं. धाकटीला तपासायला पाव मिनिटही लागलं नाही. तिचं सगळं ठीक होतं.