कासव ‘आर’ की ‘के’?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीने मला गाठलं. ‘सर, हत्ती के-निवडीचा, उंदीर आर-निवडीचा, हे कळलं. पण समुद्री कासव कुठे बसवायचं?’ मी तत्त्वज्ञानाचा माणूस. वर्गीकरण दिसलं की ते कुठे उसवतं हे बघायची मला खोड आहे, त्यामुळे आज तिच्याच प्रश्नावर बोलतो.

ही दोन अक्षरं लोकसंख्यावाढीच्या समीकरणातून येतात: dN/dt = rN(1 − N/K). यातला आर म्हणजे मोकळ्या जागेत वाढण्याचा वेग आणि के म्हणजे ती जागा जास्तीत जास्त किती जीव पोसू शकते ती मर्यादा. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी 1967 मध्ये ही विभागणी मांडली. उंदरीण तीन आठवड्यांत अर्धा डझन पिल्लं देते. हत्तीण बावीस महिने पोटात वाढवून एकच.

जगण्याचे आलेख मात्र वेगळा प्रश्न विचारतात. एकाच वेळी जन्मलेल्या हजार जिवांपैकी कोणत्या वयात किती उरले? पहिल्या प्रकारात बहुतेक जण म्हातारपणी मरतात, उदाहरणार्थ हत्ती. तिसऱ्यात बहुतेक बालपणीच जातात. दुसऱ्यात दरवर्षी ठरावीक हिस्सा मरतो. हजाराचे पाचशे, मग अडीचशे, मग सव्वाशे. इथे मुलं हमखास चुकतात. साध्या कागदावर ही रेषा वाकडी येते. उभा अक्ष लॉगचा घेतला तरच ती सरळ दिसते.

आता कासव. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांकडे बघतसुद्धा नाही. म्हणजे आर? पण पिल्लाला वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि त्यानंतर ते कितीतरी वर्षं जगतं. म्हणजे के? आलेख म्हणाल तर तिसरा, सुरुवातीला कडा कोसळल्यासारखा आणि पुढे जवळजवळ सपाट. तेव्हा ‘तिसरा प्रकार म्हणजे आर’ हे समीकरण इथे चालत नाही.

याचा परिणाम परीक्षेपुरता नाही. क्राउझ आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये अमेरिकेतल्या लॉगरहेड कासवांचं गणित मांडलं. पहिल्या वर्षात एकही अंडं किंवा पिल्लू मेलं नाही असं धरलं, तरी संख्या घटतच राहिली! मोठी पण अजून वयात न आलेली कासवं जास्त जगली, तर मात्र ती सावरत होती. का? अंड्यातून प्रौढापर्यंत पोचणारे मोजकेच. त्या कड्यावरून वाचून आलेलं एक कासव म्हणजे पुढच्या अनेक हंगामांतली घरटी. ते ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरलं, तर तेवढी सगळी घरटी गेली.

म्हणून ट्रॉल जाळ्यात एक तिरकी जाळी बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर अडतं आणि वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. किनाऱ्यावर घरट्यांभोवती कुंपण घालणं चुकीचं नाही, ते करावंच. पण आलेखाचा सपाट भाग समुद्रात आहे, आणि नेमका तोच मोडत असेल तर कुंपणातली मोजणी वाढत असतानासुद्धा कासवं कमी होत जातील.