टाचांच्या भेगा: वुजूचे पाणी, वजरी आणि चपलेचा मागचा पट्टा

दिवाळीनंतर डहाणू-तलासरीकडे हवा बदलते. पावसाळ्यातला चिकचिकाट जातो, पहाटे जमिनीकडून कोरडे गार वारे सुटतात आणि महिन्याभरात घराघरांत तीच तक्रार ऐकू येते. रात्री अंथरुणावर पडताना टाच गोधडीच्या दोऱ्याला अडकते. फजरच्या वुजूला पाणी लागले की भेग चरचरते. सज्द्यातून उठून उभे राहताना टाचेवर भार आला की कळ मस्तकात जाते.

आमच्या नात्यातल्या एक खाला तलासरीला राहतात. वय बावन्न, अंगाने भरलेल्या. सहा माणसांचा स्वयंपाक, तोही ओट्यापाशी उभे राहून, आणि घरात फरशीवर दिवसभर अनवाणी वावर. डिसेंबरात त्यांच्या दोन्ही टाचांना कडेने सात-आठ भेगा पडल्या. "कोकमाचं तेल तर रोज लावते, बेटी. भरतच नाही," असे त्या आमच्या घरातल्या मुलीला सांगत होत्या. तेल वाईट नव्हते. कोकणात भेगांवर कोकमाचे तेल पिढ्यान्‌पिढ्या लावतात. चूक होती ती लावण्याच्या जागेत आणि वेळेत. ती समजण्यासाठी भेग पडते कशी, हे आधी पाहू.

भेग पडते कशी?

तळपायाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी असतात, पण तेल तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात. हात, चेहरा, डोके यांना शरीर आतून थोडे तेल पुरवते. टाचेला ते मिळत नाही. तिचा ओलावा टिकतो तो घामावर आणि आपण बाहेरून जे लावू त्यावर. थंडीत घाम कमी येतो आणि हवा कोरडी असते. त्यामुळे टाचेच्या कडेची जाड कातडी सुकून कडक होते, तिचा घट्टा बनतो.

टाचेच्या हाडाखाली चरबीची मऊ गादी असते. उभे राहिलो की वजनाने ती दबते आणि बाजूंना पसरते. कातडी मऊ असेल तर तीही सोबत ताणली जाते. कडक घट्टा ताणला जात नाही, तो तडकतो. वजन जास्त, उभे राहणे जास्त, फरशी कठीण आणि चप्पल मागून उघडी असेल तर हा ताण दिवसभर चालू राहतो.

म्हणजे भेग ही नुसती कोरडेपणाची गोष्ट नाही. तीन गोष्टी एकत्र येतात: कोरडेपणा, घट्टा आणि ताण. खालांचे कोकम तेल घट्ट्यावरच राहत होते, आत काही पोहोचत नव्हते. आणि सकाळी त्या पुन्हा मोकळ्या पायांनी फरशीवर उभ्या राहत होत्या.

वुजू आणि टाच

नमाजी घरात पाय दिवसातून पाच वेळा धुतले जातात. वुजूत टाचेचे महत्त्व सांगायला नकोच. प्रवासात घाईने वुजू करताना काहींच्या टाचा कोरड्या राहिल्या, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याबद्दल कडक शब्दांत ताकीद दिल्याची हदीस प्रसिद्ध आहे. म्हणून टाच धुतलीच पाहिजे, भेग असली तरी. प्रश्न आहे तो धुतल्यानंतरचा.

ओला पाय तसाच वाऱ्याला सुकू दिला तर पाण्याबरोबर कातडीतला ओलावाही उडतो. मग पाच वेळा भिजूनही टाच कोरडीच राहते. थंडीत कढत पाणी घेतले तर कातडीतले उरलेसुरले स्निग्धही निघून जाते. म्हणून पाणी कोमट असावे आणि साबण टाचेला रोज घासू नये. पाय पुसताना बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या कराव्यात, कारण तिथे ओल राहिली की बुरशी धरते. टाच मात्र दाबून टिपावी आणि किंचित ओलसर असतानाच तिच्यावर थोडी पेट्रोलियम जेली फिरवावी. ओलावा आत आणि स्निग्ध थर वर, हाच क्रम उपयोगी पडतो. पाचही वेळा जमले नाही तरी फजर आणि ईशानंतर चुकवू नये.

"मग पुढच्या वुजूचे पाणी कातडीला लागेल का?" हा प्रश्न नेहमी येतो. कातडीत मुरलेल्या तेलाचा नुसता तुळतुळीतपणा राहिला तर वुजूला अडचण नाही. भेगेत भरलेले मेण, राळेचे घट्ट मलम किंवा थिजलेल्या तेलाचा गोळा यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा थर पाणी अडवतो. असे काही लावायचे तर ते ईशानंतर लावावे आणि फजरला कोमट पाण्याने काढून टाकावे. जखम इतकी खोल असेल की पाण्याने अपाय होईल, तर शरीअतने सवलत ठेवली आहे. तिचा तपशील शाफई आणि हनफी मसलकात सारखा नाही, म्हणून तो आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावा.

भिजवणे, घासणे, लावणे

हे तीन टप्पे खालांनी तीन आठवडे केले. मात्र एक सूचना आधीच वाचावी: ज्यांना मधुमेह आहे, पायाला बधिरपणा आहे किंवा भेगेतून रक्त वा पू येतो, त्यांनी हे घरी करू नये. त्यांच्याबद्दल पुढे सांगितले आहे.

पहिला टप्पा भिजवण्याचा. टबात घोटे बुडतील इतके कोमट पाणी घ्यावे. कोपर बुडवून पाहावे. पाणी सुखद वाटले तर ठीक, गरम लागले तर थांबावे. पाय दहा ते पंधरा मिनिटे ठेवावेत. अर्धा तास ठेवल्याने जास्त फायदा होत नाही, कातडी फुगते आणि नंतर अधिक सुकते. मीठ, सोडा, लिंबू, शाम्पू यांची गरज नाही. उघड्या भेगेला मीठ-लिंबू झोंबते आणि सोडा कातडी आणखी कोरडी करतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा भिजवणे पुरे.

दुसरा टप्पा वजरीचा. मऊ झालेल्या घट्ट्यावर वजरी हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावी. भेगेच्या आत नाही, तिच्या कडेच्या कडक भागावर. एका बैठकीत टाच गुळगुळीत करण्याचा हट्ट धरू नये. जळजळ झाली किंवा गुलाबी कातडी दिसली की थांबावे. ब्लेड, कात्री, सुरी यांना हात लावू नये. भेगा चिघळण्याची सुरुवात पुष्कळदा त्यांनीच होते. वजरी ज्याची त्याची वेगळी असावी आणि धुऊन उन्हात वाळवावी.

तिसरा टप्पा मलमाचा. पाय टिपून लगेच, दोन-तीन मिनिटांत, मलम लावावे. जाड घट्ट्यासाठी मेडिकलमध्ये युरियाचे क्रीम मिळते. दहा टक्क्यांचे रोजच्या वापराला चालते, फार जाड घट्ट्याला वीस-पंचवीस टक्क्यांचे लागते. युरिया घट्टा मऊ करतो आणि पाणी धरून ठेवतो. उघड्या भेगेत मात्र तो झोंबतो, म्हणून भेगेवर पेट्रोलियम जेली आणि भोवतालच्या कडक भागावर युरिया, असे लावावे. क्रीम घ्यायचे नसेल तर खोबरेल किंवा कोमट करून पातळ केलेले कोकम तेलही चालेल, पण ते याच वेळी, भिजवून घासलेल्या ओलसर टाचेवर. वरून सुती मोजे घालून झोपावे. मोज्यांमुळे मलम अंथरुणाला पुसले जात नाही. ते घालून न्हाणीघरात जाऊ नये, घसरायला होते.

चप्पल बदलली तरच

पहिल्या आठवड्यात खालांच्या टाचा मऊ झाल्या, पण भेगा मिटेनात. कारण पायात तीच झिजलेली, सपाट, मागून उघडी स्लीपर होती. टाच तिच्या कडेवरून बाहेर ओघळत होती. आपली चप्पल उलटी करून पाहावी. टाचेकडची कड एका बाजूने झिजली असेल किंवा तिथे तळ दबून पातळ झाला असेल, तर ती चप्पल बाद समजावी.

मागे पट्टा असलेली, टाचेभोवती थोडी खोलगट आणि मऊ जाड तळाची सँडल घ्यावी. मागून बंद असलेला बूट त्याहून चांगला, कारण तो टाचेच्या गादीला बाजूने धरून ठेवतो. घरातही फरशीवर अनवाणी उभे राहू नये. आतल्या वापराला वेगळी चप्पल ठेवावी. डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवणाऱ्या बायका मीठ आणि वाळूत उभ्या असतात, चिकूच्या वाडीत आणि गवतकापणीला जाणारे लोक धसकटातून चालतात. तिथे उघडी चप्पल पाय कापून घेण्याचेच काम करते. बंद बूट आणि मोजे, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुणे, एवढे तरी व्हावे.

भेग चिघळली हे कसे ओळखावे?

तीन आठवड्यांनी खालांच्या सगळ्या भेगा भरल्या, डाव्या टाचेची एक सोडून. एके सकाळी त्या गोठ्याकडून अनवाणी येऊन गेल्या. दोन दिवसांनी त्या भेगेभोवती लाली आली, टाच गरम लागू लागली आणि काही न करता बसले तरी ठणकू लागली. साधी भेग टाचेवर भार दिला की दुखते. बसल्या जागी ठणकणारी भेग चिघळली असण्याची शक्यता मोठी.

मुलीने लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवली. संध्याकाळपर्यंत लाली रेघेच्या बाहेर गेली आणि जांघेत अवधाण आले. मग वाट न पाहता त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखम धुऊन ड्रेसिंग केले, प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. आणि एक प्रश्न विचारला: बाकीच्या भेगा भरल्या, मग ही एकच का रेंगाळली? रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर 212 निघाली. खालांना मधुमेह होता आणि कोणालाच माहीत नव्हते.

मधुमेहात पायाचा घाम कमी होतो, म्हणून भेगा जास्त पडतात. जखम सावकाश भरते. पुढे नसा बधिर झाल्या की भेग दुखतही नाही, आणि न दुखणारी भेग सगळ्यांत धोक्याची. अशा माणसाने पाय भिजत घालू नयेत, वजरी किंवा घट्टा घालवणारी तीव्र मलमे स्वतःच्या मनाने वापरू नयेत. रोज रात्री तळपाय आरशात पाहावा किंवा घरच्यांना दाखवावा आणि छोटी भेगही डॉक्टरांना दाखवावी.

बाकीच्यांनी वाढती लाली, सूज, पू, वास, बसल्या जागीचा ठणका, पायावर चढणारी लाल रेघ, अवधाण किंवा ताप यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. भेगेत हळद, राख, तंबाखू किंवा शेण भरू नये. शेणामातीतून धनुर्वाताचा धोका असतो. सगळा तळपाय भुकटी लावल्यासारखा कोरडा दिसत असेल, खाज येत असेल आणि बेचक्या पांढऱ्या पडल्या असतील तर ती बुरशी असू शकते. तिला वेगळे औषध लागते.

खालांची ती भेग साखर आटोक्यात आल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस मिटली. आता ईशाच्या नमाजनंतर त्यांची नात छोटी बॅटरी घेऊन त्यांच्या पायाशी बसते. आधी टाचा पाहते, मग जेली लावते.