कमेंट कुठे गेल्या?

सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाचं पेज डोळ्यांसमोर आणा. गावातले जुने कृष्णधवल फोटो, खाली दोन ओळी: ‘स्टँडसमोरचं हे सायकलचं दुकान कुणाकुणाला आठवतं? भाडं तासाला किती होतं?’ मग दिवसभर नुसती झुंबड. कुणी भाडं सांगतो, कुणी ते भाडं चुकीचं असल्याचं सांगतो, पुण्यात स्थायिक झालेल्या एखाद्या आत्या ‘फोटोतल्या पायरीवर बसलेले ते माझे वडील’ असं लिहितात आणि त्यांच्याखाली आणखी वीस जण नमस्कार ठोकतात. ॲडमिन प्रत्येकाला उत्तर देत बसलेला.

एक दिवस ॲडमिनला वाटतं, आता सगळीकडे रील चालतात, आपणही करू. तोच फोटो, पण आता त्यावर पार्श्वसंगीत, भारदस्त आवाजातलं निवेदन आणि चाळीस सेकंदांत दुकानाचा अख्खा इतिहास. आकडा वाढतो. कमेंट मात्र आटतात. चार हजारांच्या जागी अकरा हजार लोकांनी पाहिलं आणि बोललं कोण? चौदा जण, त्यातले सहा नुसते हात जोडलेले.

इथे ॲडमिनच्या मनात दोनच निष्कर्ष येतात. एक, लोकांना नवं आवडलं नाही. दोन, कंपनीने आपलं पेज ‘दाबलं’. दोन्ही खरे असू शकतात. पण ही शांतता नेमकी कशाची, हे कळायला फार तर तासभराची बेरीज-वजाबाकी लागते. ती बहुतेक जण करत नाहीत.

आधी एक जुनी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पेजला फॉलो करणाऱ्या सगळ्यांना पोस्ट दिसते, हा समज कधीच खरा नव्हता. 2014 साली फेसबुकनेच सांगितलं होतं की, एखादा माणूस फेसबुक उघडतो तेव्हा त्याला दाखवता येतील अशा सरासरी 1,500 गोष्टी रांगेत असतात. त्यांतल्या निवडक पुढे येतात. जानेवारी 2018 मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचं जाहीर केलं, तेव्हा पेजची जागा आणखी आकसली. पुढे रीलचं युग आलं आणि उलटा प्रकार सुरू झाला: फॉलो न करणाऱ्या अनोळखी माणसांपुढेही पोस्ट जाऊ लागल्या. म्हणजे फोटोकडून रीलकडे वळलेल्या पेजचा नुसता पेहराव बदलत नाही, समोर बसलेली माणसंही बदलतात.

नमुन्यादाखल आपल्या त्या गावच्या पेजचे आकडे मांडून पाहू. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. फॉलोअर 18,000. रीलआधीच्या बारा फोटो-पोस्ट घ्यायच्या आणि नंतरची बारा रील. सरासरी काढायची नाही. बारा आकडे चढत्या क्रमाने लिहून सहाव्या आणि सातव्याच्या बरोबर मधला आकडा बघायचा. कारण एखादी पोस्ट अचानक पन्नास हजारांवर गेली, तर सरासरी फुगते आणि बाकीच्या अकरांची खरी अवस्था झाकली जाते.

फोटोंचा मधला रीच, म्हणजे पोस्ट पोचलेल्या खात्यांची संख्या, 4,200 आणि कमेंट 90. रीलचा रीच 11,000 आणि कमेंट 14. आता इनसाइट्समध्ये फॉलोअर आणि बाकीचे अशी फोड असते तिकडे जायचं. फोटो पाहणाऱ्यांत 80 टक्के फॉलोअर होते, म्हणजे 3,360. रील पाहणाऱ्यांत फॉलोअर 25 टक्के, म्हणजे 2,750.

इथेच खरी गंमत आहे. अकरा हजारांच्या झगमगाटात फॉलोअरांची संख्या वाढलेली नाही, उलट सहाशेने घटली आहे. पण घटली ती सुमारे 18 टक्के; कमेंट मात्र 84 टक्क्यांनी पडल्या. पूर्वीच्याच उत्साहाने हे 2,750 जण बोलले असते तर सुमारे 74 कमेंट यायला हव्या होत्या. आल्या 14. हरवलेल्या 76 पैकी साधारण 16 कमेंट ‘पोस्ट पोचलीच नाही’ या खाती टाकता येतील. उरलेल्या 60 त्या लोकांच्या, ज्यांच्यापर्यंत पोस्ट पोचली आणि ज्यांनी काहीच लिहिलं नाही. त्यामुळे ‘कंपनीने दाबलं’ हा निष्कर्ष या पेजपुरता जवळजवळ बाद होतो. आकडे उलटे असते, म्हणजे फॉलोअर 3,360 वरून 600 वर आले असते आणि त्या सहाशेंत कमेंटचं प्रमाण पूर्वीसारखंच राहिलं असतं, तर तोच निष्कर्ष बरोबर ठरला असता. हा हिशेब सगळ्या कमेंट फॉलोअरांच्याच धरून केला आहे. अशा पेजवर बाहेरचे क्वचितच बोलतात, म्हणून तो चालतो.

एक सावधगिरी हवी. 2024 पासून मेटाने इन्स्टाग्रामवर आणि मग फेसबुकवर ‘व्ह्यूज’ हा आकडा पुढे आणला. रीच म्हणजे किती खाती. व्ह्यूज म्हणजे किती वेळा. एकाच माणसाने तीनदा पाहिलं तर व्ह्यूज तीन होतात. जुन्या वहीतला रीच आणि आजचे व्ह्यूज शेजारी ठेवले, तर ॲडमिन स्वतःचीच फसवणूक करून घेतो. तसंच श्रावणातल्या फोटोंची तुलना गणपतीतल्या रीलशी करण्यात अर्थ नाही. त्या दहा दिवसांत अख्खं गाव मंडपात असतं.

मग ते 2,750 लोक गप्प का? याचं उत्तर आकड्यांत नाही, नावांत सापडतं. वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी 2006 मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: 90 टक्के लोक नुसतं वाचतात, 9 टक्के अधूनमधून काही लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण उरलेल्या 1 टक्क्याचं असतं. प्रमाण जागोजागी बदलेल, पण रचना तीच. आपल्या पेजवरच्या नव्वद कमेंट काही नव्वद जणांच्या नसतात. चाळीसेक नावं, त्यांतली पंधरा-वीस रोजची. फोटोंखालची ही नावं कागदावर उतरवून ती रीलखाली शोधली, की चित्र स्पष्ट होतं. अठरा हजारांचं पेज गप्प झालेलं नसतं. त्या पंचवीस-तीस जणांनी बोलणं थांबवलेलं असतं. बाकीचे तर पूर्वीही बोलत नव्हते.

ही नावं बहुधा पन्नाशीपुढची, गाव सोडून बाहेर गेलेली. त्यांच्या बाजूने पाहिलं, तर फोटोखालचा प्रश्न त्यांना बोलावत होता. भाडं किती, मालकाचं नाव काय, ही माहिती त्यांच्याकडे होती आणि ॲडमिनकडे नव्हती. रीलमध्ये निवेदकच सगळं सांगून मोकळा होतो. पायरीवर बसलेल्या वडिलांची ओळख पटवायला फोटो मोठा करून निरखावा लागतो. रीलमध्ये तो तीन सेकंदांत सरकतो. एसटीत बसून आवाज बंद ठेवून पाहणाऱ्याला निवेदन ऐकूच येत नाही. भाषाही बदललेली असते. ‘आपल्या स्टँडसमोरचं’ जाऊन तिथे ‘नमस्कार मंडळी, आज आपण जाणून घेणार आहोत’ आलेलं असतं. गावच्या माणसाला ते परक्याला सांगितल्यासारखं वाटलं, तर त्यात त्याचा काय दोष? रील खरोखरच परक्यांसाठी केलेलं असतं.

आणखी एक बदल ॲडमिनच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. पूर्वी फोटो टाकायला पाच मिनिटं लागायची आणि पुढचा तासभर तो उत्तरं द्यायचा. आता तीन तास रील कापण्यात, आवाज जुळवण्यात जातात. रात्री अकराला पोस्ट पडते आणि ॲडमिन झोपतो. नव्वद कमेंटपैकी वीस-पंचवीस तर त्याच्याच असायच्या! त्यांना मिळालेली प्रत्युत्तरं वेगळी. शैली बदलली म्हणून लोक गप्प झाले, असं म्हणण्याआधी ॲडमिनच्या स्वतःच्या कमेंट मोजून बघाव्यात.

शांततेचा अर्थ नाराजीच असतो, असंही नाही. शेअर आणि सेव्हचे आकडे वाढले असतील, तर लोक बोलत आहेत, फक्त दुसरीकडे: घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, भावंडांत. त्यातही स्क्रीनशॉट काढून पाठवलेलं कुठल्याच आकड्यात येत नाही. कमेंट, शेअर, सेव्ह तिन्ही पडले आणि अनफॉलो वाढले, तर मात्र लोक खरंच उठून चालले आहेत.

लोक तक्रार का करत नाहीत, असाही प्रश्न पडतो. 2022 च्या जुलैत इन्स्टाग्रामने पडदाभर व्हिडिओ आणि अनोळखी खात्यांच्या शिफारशींचा मारा सुरू केला, तेव्हा एका अमेरिकी छायाचित्रकार तरुणीने विरोधाची हाक दिली. ती कायली जेनर आणि किम कार्दाशियन यांनी पुढे नेली. 26 जुलैला कंपनीचे प्रमुख ॲडम मोसेरी बदलाचं समर्थन करत होते. दोनच दिवसांनी पडदाभर दिसण्याचा प्रयोग मागे घेतला गेला आणि शिफारशी तात्पुरत्या कमी झाल्या. गावच्या पेजसाठी असा आवाज कुणी उठवत नाही. आवडलं नाही तर अंगठा वर सरकतो, एवढंच. ती सरकही मोजली जाते. एखाद्याने आपली तीन-चार रील अशी ओलांडली, की पाचवं त्याच्यापुढे येण्याची शक्यता कमी होते. म्हणून जुनी शैली परत आणली, तरी पहिल्याच फोटोवर नव्वद कमेंट येत नाहीत. निदान तीन-चार आठवडे धीर धरावा लागतो.

या काळात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी रील तसंच ठेवून फक्त निवेदनातलं उत्तर काढून टाकावं, शेवटी प्रश्न ठेवावा, संध्याकाळी सातला पोस्ट करून तासभर हजर राहावं. पाच-सहा रीलमध्ये कागदावरची नावं परतू लागली, तर दोष रीलचा नव्हता. तरीही शांतताच राहिली, तर आठवड्यातून दोन साधे फोटो पूर्वीच्याच दोन ओळींसह टाकून पाहावेत. फोटोखाली नावं आली आणि रीलखाली नाही आली, म्हणजे त्या पेजला दोन वेगळे प्रेक्षक आहेत. रील पाहुण्यांना दारापर्यंत आणतं, फोटो घरच्यांना बोलतं करतो. मग दोन्ही चालू ठेवावीत आणि रीलखालच्या चौदा कमेंटचं दुःख करू नये.

हे सगळं जमायला जुने आकडे हाताशी हवेत आणि तिथेच बहुतेकांची पंचाईत होते. तेव्हा पेजचा बाज बदलायचा विचार असेल, तर पहिलं रील टाकण्याआधी शेवटच्या बारा पोस्टचा रीच, त्यातले फॉलोअर, कमेंट, शेअर आणि नेहमी बोलणाऱ्या तीस जणांची नावं एका वहीत लिहून घ्या.