आजीच्या चिठ्ठीतली पुरणपोळी

चिठ्ठीवर एवढंच असतं: ‘डाळ शिजवून गूळ घालणे, पुरण आटवणे.’ घरच्या पाककृतींच्या पुस्तकात हे उतरवताना आधी आजीची वाटी शोधा आणि तिच्यात मावणारी डाळ, गूळ वजनकाट्यावर मोजा. वाटी घरोघरी वेगळी असते. साहित्य वापराच्या क्रमाने लिहा. कृतीत एका क्रमांकाला एकच काम द्या. ‘डाळ निथळून कट काढा’ ही पायरी चिठ्ठीत हमखास सुटते, मग पुरण सैल राहतं आणि पोळी लाटताना फुटते. वेळेसोबत खूणही हवी: ‘4. मध्यम आचेवर साधारण 15 मिनिटं आटवा. उलथणं पुरणात उभं राहिलं की गॅस बंद.’ कणीक मुरायला लागणारा वेळ मात्र अगदी वर, साहित्याच्याही आधी लिहा.