सॉफ्टवेअर आधी घ्या, पैसे नंतर : फ्रीलान्स कामातला हा सापळा कसा लावला जातो

आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी बसून उर्दू-मराठी कंपोजिंगचं काम करते. शादीच्या पत्रिका, मदरशांची छोटी पुस्तकं, कधी एखाद्या शाळेचं वार्षिक अंक. हात चांगला आहे, नस्तालिक सुबक लावते. मागच्या वर्षी तिने एका फ्रीलान्स साइटवर आपली माहिती टाकली आणि पंधरा दिवसांतच तिला मेसेज आला. समोरच्याने सुरुवातच "अस्सलामु अलैकुम सिस्टर" अशी केली होती. दुबईची प्रकाशन संस्था, लहान मुलांसाठी दीनी गोष्टींचं पुस्तक, 200 पानं, पानाला 600 रुपये. म्हणजे एकूण 1,20,000 रुपये. गावात तिला पानामागे जे मिळतं त्याच्या कितीतरी पट.

आता कुणाला वाटेल, एवढा दर ऐकूनच शंका यायला हवी होती. पण दुबईचा दर दुबईसारखाच असणार, असं तिला वाटलं आणि ते अगदीच चुकीचं नाही. परदेशातली कामं खरोखर जास्त पैसे देतात. म्हणून नुसता मोठा आकडा हा फसवणुकीचा पुरावा नव्हे. पुरावा पुढच्या पायऱ्यांत असतो, आणि त्या पायऱ्या जवळजवळ प्रत्येक वेळी सारख्याच असतात.

पहिली पायरी : "इथे नको, व्हॉट्सॲपवर या." अपवर्कसारख्या साइटवर ठरीव रकमेचं काम घेतलं की क्लायंटला त्या टप्प्याचे पैसे आधी साइटकडे जमा करावे लागतात. मग आपण काम करतो, तो मंजूर करतो आणि पैसे सुटतात. पैसे जमा झालेत की नाही हे आपल्याला स्क्रीनवर दिसतं. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो तिथे थांबणार कसा? म्हणून करार व्हायच्या आधीच तो आपल्याला बाहेर काढतो. साइटचा नियम मोडला तर मोडणारे आपणही ठरतो, आणि नंतर तक्रार करायला तोंड राहत नाही.

दुसरी पायरी मुलाखतीची. आमच्या विद्यार्थिनीची मुलाखत पूर्ण लिहून झाली, फोन नाही, व्हिडिओ नाही. रोज किती तास देऊ शकाल, वेळेवर काम द्याल का, असे सहा-सात प्रश्न. वीस मिनिटांत "निवड झाली", आणि लोगो-शिक्क्याचं पत्रही आलं. गंमत बघा, तिने केलेलं एकही पान त्याने बघायला मागितलं नव्हतं. 200 पानांचं पुस्तक ज्याला लावून घ्यायचं आहे तो नमुना न बघता लाखाचं काम देईल का?

तिसरी पायरी हीच खरी. आमचं पुस्तक एका खास सॉफ्टवेअरमध्येच लागतं, असं त्याने सांगितलं. परवाना आमच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, किंमत 7,500 रुपये, पहिल्या हप्त्यासोबत पूर्ण परत मिळतील. आता हा हिशेब नीट बघू. 7,500 म्हणजे 1,20,000 चा बरोबर सोळावा हिस्सा. रक्कम मोठी वाटू नये, पण घेणाऱ्याचं काम व्हावं, एवढीच ठेवलेली असते. आणि "परत मिळतील" या दोन शब्दांनी खर्चाचं उसनं होऊन जातं. खर्च करताना माणूस दहा वेळा विचार करतो, उसनं देताना तेवढा करत नाही. तिने अम्मीकडून ईदसाठी ठेवलेले पैसे मागून घेतले.

विक्रेता आणि क्लायंट ही एकच माणसं असतात. वेबसाइट नावाची पाटी तेवढी वेगळी. हे कळायला दोन जागा आहेत. पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी यूपीआय ॲपमध्ये समोरच्या खात्याचं बँकेत नोंदलेलं नाव येतं. सॉफ्टवेअर कंपनी म्हणवणाऱ्याच्या जागी एखाद्या भलत्याच व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच बोट थांबवायचं. तिलाही असंच नाव दिसलं होतं, पण "आमचे अकाउंटंट आहेत" हे उत्तर तयार होतं. दुसरी जागा म्हणजे lookup.icann.org. तिथे .com वेबसाइटचं नाव टाकलं की ते कधी नोंदवलं ती तारीख येते. "बारा वर्षं जुनी कंपनी" लिहिलेली आणि नाव तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेलं, असं असेल तर आणखी काही विचारायची गरज नाही.

पैसे गेल्यावर एक की आली. ती चालली नाही. मग "सर्व्हर नोंदणी" साठी 12,500 मागितले, सोबत 20,000 रुपये तुमच्या खात्यात पाठवल्याचा स्क्रीनशॉट, "आंतरराष्ट्रीय पेमेंट आहे, दोन दिवस लागतील" असं सांगून. स्क्रीनशॉट हे चित्र आहे, पैसे नव्हेत. शेवटी तो म्हणाला, मी स्वतः लावून देतो, फोनवर एनीडेस्क घ्या. ते तिने घेतलं नाही, हे आम्हाला नंतर कळलं तेव्हा आम्ही अल्हम्दुलिल्लाह म्हटलं. एनीडेस्क हे ॲप म्हणून चांगलंच आहे, कॉम्प्युटरवाले रोज वापरतात. पण अनोळखी माणसाला त्यातून परवानगी दिली की आपली स्क्रीन, येणारे ओटीपी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर येतं. मग प्रश्न 7,500 चा राहत नाही.

खऱ्या क्लायंटलाही कधी विशिष्ट सॉफ्टवेअर लागतं, हे खरं आहे. तेव्हा तो एकतर आपल्या परवान्याचं लॉगिन देतो, नाहीतर फक्त सॉफ्टवेअरचं नाव सांगतो आणि आपण ते बनवणाऱ्याच्याच साइटवरून घेतो. ते पुढच्या दहा कामांनाही चालतं. म्हणून विचारायचं एकच वाक्य आहे : "परवाना तुम्हीच विकत घेऊन मला द्या, रक्कम माझ्या पहिल्या बिलातून कापून घ्या." यात खऱ्या क्लायंटचा एक पैसाही जास्त जात नाही. जो "कंपनीचं धोरण नाही", "फ्रीलान्सरच्याच नावावर हवं", "तुम्ही गंभीर आहात हे कळायला हवं" असं म्हणेल, त्याला परवाना विकायचा आहे, पुस्तक नाही.

अमेरिकेत आपले जे नातेवाईक आहेत त्यांच्याकडे याच प्रकाराचं चेकचं रूप चालतं. क्लायंट जास्त रकमेचा चेक पाठवतो, सामान "आमच्या विक्रेत्याकडून" घ्यायला लावतो. बँक रक्कम लवकर वापरू देते, चेक खोटा निघाल्याचं नंतर कळतं, आणि गेलेले पैसे खातेदाराला भरावे लागतात.

आता फुकट चाचणीबद्दल. यात पैसे जात नाहीत म्हणून लोक फसवणूक मानतच नाहीत, पण काही दिवसांची मेहनत जाते. 200 पानांचं पुस्तक आहे. 20 जणांना प्रत्येकी "फक्त 10 पानं चाचणीसाठी" दिली की पुस्तक पूर्ण. शेवटी सगळ्यांना एकच उत्तर, "आपली निवड होऊ शकली नाही." आमच्या ओळखीच्या दोन अनुवादकांना एकाच क्लायंटकडून चाचणी आली होती. एकाचा मजकूर अर्ध्या वाक्याने संपत होता, दुसऱ्याचा त्याच वाक्याच्या उरलेल्या अर्ध्याने सुरू होत होता. शेजारी राहतात म्हणून चहावर बसल्या बसल्या कळलं, नाहीतर कधीच कळलं नसतं.

खरी चाचणी ओळखता येते. ती लहान असते, अनुवादात साधारण 250-300 शब्द. सगळ्या उमेदवारांना एकच मजकूर असतो, कारण तुलना करायची असते. आणि तो मजकूर एवढाच घेऊन कुणाला काही छापता येत नाही. याउलट 41 वं ते 50 वं पान, तेही "उद्या सकाळपर्यंत", ही चाचणी नसून कामच आहे. अपवर्कच्या नियमांतही फुकट काम मागायला मनाई आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी हे लहानपणापासून ऐकत आलेले आपण, स्वतःची मजुरी मागताना मात्र फार लाजतो. "चाचणी देते, दोन पानांचे एवढे होतील" असं लिहायला हरकत नाही. किंवा आधी केलेलं काम दाखवावं. डिझाइन असेल तर कमी रिझोल्यूशनचं आणि मधोमध आडवं नाव टाकलेलं चित्र पाठवावं, मूळ फाइल कधीच नाही.

एक कायदेशीर गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या माणसाने केलेल्या अनुवादावर पहिला हक्क साधारणपणे अनुवाद करणाऱ्याचा असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर सही केलेलं लेखी हवं. म्हणून चाचणी पाठवताना ईमेलमध्ये एक ओळ टाकावी : "हा नमुना फक्त निवडीसाठी आहे, मोबदल्याशिवाय वापरू नये." दुबईच्या कुणाला आपण कोर्टात खेचणार नाही, मान्य. पण प्रकाशक पुण्या-मुंबईचा असेल तर ही ओळ आणि तारखेचा ईमेल उपयोगी पडतो.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन 1930 ला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपली बँक एवढं हातात ठेवावं. रक्कम ज्या खात्यात गेली तिथे ती असेपर्यंतच अडवता येते, आणि हे लोक ती काही तासांत पुढे सरकवतात. त्यानंतर cybercrime.gov.in वर लेखी तक्रार, आणि स्वतःच्या बँकेलाही कळवायचं. राग येतो म्हणून चॅट डिलीट करू नये, तोच पुरावा आहे. आणि "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फी एवढी" असा फोन आला तर तो त्याच टोळीचा दुसरा हात समजावा.

आमच्या विद्यार्थिनीने 1930 ला फोन केला तो पाचव्या दिवशी. चार दिवस ती घरात कुणाशी बोललीच नव्हती. भाईजान म्हणतील आता पुरे हे काम, कॉम्प्युटर बंद कर, ही भीती. तक्रार क्रमांक मिळाला, पण खातं तोपर्यंत रिकामं झालं होतं. भाईजान रागावले, पण कॉम्प्युटर बंद केला नाही. अम्मीने एवढंच विचारलं, "पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

मागच्या महिन्यात तिला पुन्हा असाच मेसेज आला, या वेळी कतारहून, 300 पानांचं काम आणि "फक्त 5,000 चा फॉन्ट परवाना". तिने ते बिलातून कापण्याचं वाक्य लिहून पाठवलं. समोरून दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.