जपानी कन्सोल आणि आपला २३० व्होल्टचा बोर्ड

जपानहून मागवलेला जुना सुपर फॅमिकॉम घरी आला की पहिली अडचण दिसते ती पिनेची. तिला दोन चपट्या पात्या, आणि आपल्या बोर्डाला गोल भोकं. मग कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ट्रॅव्हल ॲडॅप्टर आणला जातो, पिन छान बसते आणि तिथेच घात होतो. हा ॲडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. जपानच्या घरांत १०० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०.

सुपर फॅमिकॉम निन्टेन्डोने १९९० साली बाजारात आणला. त्याचा पॉवर ॲडॅप्टर म्हणजे एक काळा ठोकळा, आकाराच्या मानाने चांगलाच जड. आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचं हे वजन. तो गाभा १०० व्होल्टच्या हिशेबाने बनवलेला असतो. २३० व्होल्ट दिले की गाभ्याची चुंबकीय क्षमता संपते, तारेच्या वेटोळ्याचा विरोध कोसळतो आणि प्रवाह बेसुमार वाढतो. ठोकळा तापतो, गुणगुणतो, जळक्या व्हार्निशचा वास येतो. आतला फ्यूज वेळीच उडाला तर कन्सोल वाचण्याची आशा असते. तोवर मात्र १० व्होल्टच्या जागी दुपटीहून जास्त दाब कन्सोलपर्यंत पोचू शकतो.

म्हणून पिनेआधी ठोकळ्यावरचं लेबल वाचा. इनपुटपुढे नुसते १०० व्होल्ट लिहिले असतील तर तो आपल्या बोर्डात लावायचाच नाही. १००–२४० असेल तर निर्धास्त राहा. निन्टेन्डो स्विचचा ॲडॅप्टर असाच आहे. त्याला फक्त पीन बदलून लागते.

सुपर फॅमिकॉमसाठी मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे मूळ ठोकळा बाजूला ठेवून इथलाच २३० व्होल्टवर चालणारा ॲडॅप्टर घेणे. मूळ ठोकळा १० व्होल्ट डीसी आणि ८५० मिलिअँपिअर देतो; ९ व्होल्ट, १ अँपिअरचा चालतो. अँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही, कारण कन्सोल लागेल तेवढेच घेतो. मात्र याच्या गोल जॅकमध्ये आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, आणि बाजारातले बहुतेक ॲडॅप्टर नेमके उलटे. गिटारच्या इफेक्ट पेडलचे ९ व्होल्टचे ॲडॅप्टर बहुधा ऋण-मध्य असतात, म्हणून वाद्यांच्या दुकानात चौकशी करावी. तरी लेबलवरची खूण पाहाच, आणि मल्टिमीटर असेल तर लाल टोक जॅकच्या आत, काळं बाहेर लावा. आकड्याआधी उणे चिन्ह आलं की ॲडॅप्टर योग्य.

मूळ ठोकळाच वापरायचा असेल तर २३० चे १०० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. इथे ११० व्होल्टचे सहज मिळतात, पण त्यावर जपानी ठोकळा दहा टक्के जास्त दाबाने चालतो आणि कन्सोल अधिक तापतो. हेअर ड्रायरसाठी विकले जाणारे हलके कन्व्हर्टर मात्र अजिबात नकोत. त्यांची वीज तुकड्यातुकड्यांनी येते आणि ती ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही.